क्रीडांगणांची आखणी

धावमार्ग, फुटबॉल, कबड्डी इ. खेळांसाठी नियमांत सांगितलेल्या मापांच्या रेषा प्रत्यक्ष जमिनीवर उमटविण्याच्या क्रियेस क्रीडांगणाची आखणी म्हणतात. मोठ्या क्रीडासंकुलांत हे काम आता दुर्बिणीच्या व इलेक्ट्रॉनिक मोजणीयंत्रांच्या साहाय्याने होते; परंतु शाळा-महाविद्यालयांची आणि गावोगावच्या व्यायामशाळांची बहुसंख्य मैदाने आजही मोजण्याची फीत (टेप), सुतळी, खुंट्या आणि फक्की (पांढरी भुकटी) यांच्याच आधारे आखली जातात. या साधनांनी केलेली आखणी कच्ची असते, असा समज आढळतो; तो बरोबर नाही. टेप-सुतळीने आखलेल्या मैदानात काही सेंमी.पेक्षा अधिक चूक राहिली, तर तिचे कारण बहुधा साधनांत नसून भूमितीकडे झालेल्या दुर्लक्षात असते. आखणीत दोनच गोष्टी साधावयाच्या असतात : काटकोन आणि वर्तुळ. पैकी काटकोनाची चूक तपासून सहज पकडता येते. वर्तुळाची चूक मात्र डोळ्यांना दिसत नाही आणि धावपटूंच्या वेळांमध्ये मुरून राहते.

दोरीने काटकोन काढण्याची कला भारतात फार जुनी आहे. वैदिक यज्ञासाठी वेदी व चिती यांची आखणी कशी करावी, हे शुल्वसूत्रांत सांगितले आहे. शुल्व म्हणजे मोजण्याची दोरी. त्यांतील बौधायनाचे सूत्र सर्वांत प्राचीन असून त्याचा काळ सामान्यतः इ. स. पू. ८०० ते ५०० या दरम्यान मानला जातो. आपस्तंबाने सोमयागातील महावेदीची जी कृती दिली आहे, ती मैदान आखणाऱ्याने आजही जशीच्या तशी वापरावी इतकी व्यवहार्य आहे. महावेदी पश्चिमेस ३०, पूर्वेस २४ आणि मध्यावर पूर्व-पश्चिम ३६ पदे अशा मापाची असते. प्रथम मध्यरेषेच्या दोन्ही टोकांस खुंट्या ठोकावयाच्या. नंतर ३६ पदांच्या दोरीत आणखी १८ पदांची भर घालून ती ५४ पदांची करावयाची आणि तिच्या पश्चिम टोकापासून १५ पदांवर खूण करावयाची. दोरीची टोके दोन खुंट्यांना अडकवून ती खूण बाजूस ताणली, की दोरीचे १५ व ३९ पदांचे दोन भाग होतात, मध्यरेषेचे ३६ पद ही तिसरी बाजू ठरते आणि पश्चिमेच्या खुंटीपाशी काटकोन तयार होतो. कारण १५ आणि ३६ यांच्या वर्गांची बेरीज ३९ च्या वर्गाइतकीच आहे. खूण आधी एका बाजूस व मग दुसऱ्या बाजूस ताणल्याने पश्चिमेचे दोन कोपरे मिळतात. दोरीची टोके उलटी बांधून हीच कृती पूर्वेस करावयाची. तेथे दोरी पूर्ववत १५ पदांच्या खुणेनेच ताणून १२ पदांच्या खुणेपाशी कोपरा धरावयाचा. दोरी एकच, खुंट्या दोनच. कोन मोजण्याचे उपकरण कोठेही नाही. शिक्षक आज ३-४-५ च्या त्रिकोणाने जे साधतात, ते तत्त्वतः हेच होय.

आधुनिक क्रीडांगणांची मापे भारतात आली ती मात्र फूट-यार्डांच्या वेषात. इंग्रजी जमीनमोजणीची साखळी ६६ फुटांची, म्हणजे २२ यार्डांची असे. अशा दहा साखळ्यांचा एक फर्लांग (२२० यार्ड) आणि त्याची दुप्पट ४४० यार्ड, म्हणजे पाव मैल. एका फेरीचा धावमार्ग या पाव मैलाच्या हिशेबाने आखला जाई. ४४० यार्ड म्हणजे ४०२.३४ मी. होतात. १९५८ साली कार्डिफच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मिल्खासिंग यांनी सुवर्णपदक जिंकले ते ४४० यार्डांच्या शर्यतीत. त्यानंतर दोनच वर्षांनी रोम ऑलिंपिकमध्ये ते धावले ४०० मी. अंतर. मोजमापांच्या दशमान पद्धतीचा कायदा भारतात १९५६ मध्ये संमत झाला आणि पुढील काही वर्षांत ती पद्धत टप्प्याटप्प्याने अंमलात आली. जुन्या मैदानांच्या खुंट्या मात्र कायद्याने हलत नाहीत. यार्डांवर आखलेल्या मार्गाला ४०० मी.चा मार्ग मानले, तर प्रत्येक फेरीत २.३४ मी. अधिक धाव घडते. फुटबॉलच्या मैदानावरील ७.३२, ९.१५ यांसारखे विचित्र वाटणारे आकडेही यार्डांच्या रूपांतराचेच अवशेष आहेत.

काटकोन व कर्ण : ३-४-५ च्या त्रिकोणाचा उपयोग सर्वांना परिचित असला, तरी तो किती मोठा घ्यावा याचा विचार क्वचितच केला जातो. ३ मी. व ४ मी. भुजांचा त्रिकोण मांडताना ५ मी.च्या कर्णात एक सेंमी.ची चूक झाली, तर १०० मी. दूर गेल्यावर रेषा सु. ४२ सेंमी. बाजूला सरकते. हाच त्रिकोण अडीचपट करून ७.५, १० व १२.५ मी. भुजांचा घेतला, तर तेवढ्याच चुकीने रेषा सु. १७ सेंमी.च सरकते. या तीन भुजांची बेरीज बरोबर ३० मी. होते, त्यामुळे ३० मी.ची सामान्य टेप पूर्ण उलगडून तिचे शून्य व तीस हे दोन्ही आकडे एका खुंटीपाशी, ७.५ चा आकडा दुसऱ्या व्यक्तीने आणि १७.५ चा तिसऱ्या व्यक्तीने धरला, की त्रिकोण आपोआप तयार होतो. काटकोन ७.५ च्या आकड्यापाशी येतो. म्हणून तो आकडा मैदानाच्या कोपऱ्यावर आणि १७.५ चा आकडा पायारेषेवर ठेवावयाचा असतो. तीनही व्यक्तींनी टेप सारखी ताणणे आवश्यक आहे. एकाने सैल धरली, की तिची चूक दिसत नाही, पण कोनात उतरते.

चारही बाजू मापात आल्या म्हणजे मैदान चौरस-काटकोनी झाले असे नव्हे. खाटेच्या चौकटीसारखे ते एका बाजूस कललेलेही असू शकते. त्याची कसोटी म्हणजे दोन्ही कर्ण. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि दोन्ही कर्ण सारखे असतील, तरच आकृती आयत ठरते. केवळ कर्णांची समानता पाहणे पुरेसे नाही. समोरासमोरची एक बाजू आखूड व दुसरी लांब असूनही कर्ण सारखे येऊ शकतात. महावेदी हेच याचे उदाहरण होय : तिची पूर्व बाजू २४ व पश्चिम बाजू ३० पदांची असूनही तिचे दोन्ही कर्ण समान आहेत.

कबड्डीचे मैदान : या खेळाच्या आखणीचा इतिहास म्हणजे त्याच्या नियमांचाच इतिहास होय. संजीवनी, गामिनी, अमर अशा वेगवेगळ्या प्रकारांनी खेळल्या जाणाऱ्या हुतूतूला एकरूप नियम देण्याचे प्रयत्न प्रामुख्याने महाराष्ट्रात व बडोद्यात झाले. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याच्या पुढाकाराने १९२३ मध्ये झालेल्या स्पर्धेत सुधारित नियम वापरले गेले. वर्धा जिल्ह्याला लागून असलेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, त्यांत कबड्डीचाही समावेश होता. जो खेळ आट्यापाट्यांप्रमाणे अंगणात पायाने रेघ ओढून खेळला जाई, त्याला परक्या देशातील मैदानावर दाखवावयाचे, तर त्याची रेषा निश्चित असणे भाग होते.

पुरुषांचे मैदान पूर्वी १२.५० मी. × १० मी. असे, आता ते १३ मी. × १० मी. आहे. स्त्रियांसाठी ते १२ मी. × ८ मी. असते. हा बदल आखणाऱ्याच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखा आहे. जुन्या मापाच्या मैदानाचा कर्ण १६.०१ मी., म्हणजे जवळजवळ पूर्ण १६ मी. येई आणि तो तोंडपाठ राही. नव्या मापाचा कर्ण १६.४० मी. आहे. स्त्रियांच्या मैदानाचा १४.४२ मी. येतो. जुन्या पुस्तकातला कर्ण आणि नव्या पुस्तकातली लांबी एकत्र आली, की कोपरा कधीच जुळत नाही आणि दोष टेपला दिला जातो.

आखणी १३ मी.च्या एका बाजूपासून सुरू करावी. तिच्या दोन्ही टोकांशी काटकोन करून १० मी. मोजावे व समोरची बाजू आणि कर्ण तपासावेत. रेषा मैदानाचाच भाग असल्याने ही मापे रेषांच्या बाहेरील कडेपर्यंतची असतात. म्हणून सुतळी बाहेरच्या कडेवर ताणून फक्की तिच्या आतील बाजूस टाकावी. मध्यरेषा ६.५० मी.वर येते. तिच्यापासून ३.७५ मी.वर निदान रेषा आणि निदान रेषेपासून आणखी १ मी.वर बोनस रेषा असते. ही अंतरे मध्यरेषेपासूनच मोजावयाची, अंतिम रेषेपासून उलटी मोजावयाची नाहीत. कारण लांबीत एखादी चूक राहिलीच असेल, तर ती चढाई करणाऱ्याला कोठपर्यंत जावे लागते या मोजमापात शिरता कामा नये. तसेच दोन्ही बाजूंची १ मी. रुंदीची राखीव क्षेत्रे (लॉबी) १० मी.च्या आतच धरलेली असतात. ती बाहेर जोडून मैदान १२ मी. रुंद करणे, ही नवख्यांकडून हमखास होणारी चूक आहे. राखीव क्षेत्रे वगळून उरणाऱ्या १३ मी. × ८ मी. क्षेत्राचा कर्ण १५.२६ मी. येतो, तोही पाहून घ्यावा. निदान रेषा तिरकी झाली, तर एका बाजूने चढाई करणाऱ्यास ती जवळ व दुसऱ्या बाजूने दूर पडते आणि तो अन्याय प्रेक्षकांना दिसतही नाही.

फुटबॉलचे मैदान : येथे मैदान मोठे असल्याने काटकोनाची चूकही मोठी होते. १०५ मी. लांब व ६८ मी. रुंद मैदानात कोपऱ्याचा कोन एका अंशाने चुकला, तर लांबीच्या दुसऱ्या टोकास रेषा १.८३ मी. बाजूला जाते. कर्णांची कसोटी येथे फार उपयोगी पडते. बरोबर आखलेल्या मैदानाचे दोन्ही कर्ण १२५.१० मी. येतात, दूरचे टोक एक मी. जरी सरकले असले, तरी दोन कर्णांत १.०९ मी. फरक दिसतो. चूक जेवढी, जवळपास तेवढीच ती कर्णांत उघडी पडते. नियमांनी मैदानाची लांबी ९० ते १२० मी. व रुंदी ४५ ते ९० मी. अशी सैल ठेवली आहे. गोल क्षेत्र, दंडक्षेत्र इत्यादींची मापे मात्र ठरलेली आहेत.

ही मापे गोलखांबांच्या आतील कडेपासून मोजली जातात. दोन खांबांतील अंतर ७.३२ मी.; प्रत्येक खांबापासून ५.५० मी. बाजूस व तितकेच आत गेले की गोल क्षेत्र, आणि १६.५० मी. गेले की दंडक्षेत्र. सोयीचे व निर्धोक असे की, गोलरेषेच्या मध्यबिंदूवर टेपचे शून्य ठेवून प्रत्येक बाजूस एकाच दमात ३.६६, ९.१६ व २०.१६ मी. या खुणा कराव्यात. एका खुणेपासून दुसरी, दुसरीपासून तिसरी असे तुकड्यांनी मोजल्यास प्रत्येक तुकड्याची किंचित चूक पुढच्यात मिळत जाते.

दंडक्षेत्राबाहेर काढलेला कंस मात्र थोड्या अधिक लक्षास पात्र आहे. पेनल्टी किक नियमांत आली १८९१ मध्ये. दंडक्षेत्राला आजचा आयताकार मिळाला १९०२ मध्ये. आणि हा कंस दाखल झाला १९३७ मध्ये. पेनल्टी घेतली जात असता इतर खेळाडू चेंडूपासून १० यार्ड दूर असावेत, एवढेच त्याचे प्रयोजन. गोलरेषेपासून पेनल्टीबिंदू १२ यार्डांवर व दंडक्षेत्राची रेषा १८ यार्डांवर आहे. म्हणजे बिंदूपासून ती रेषा ६ यार्डांवर आली. बिंदू हा मध्य धरून १० यार्ड त्रिज्येने काढलेला कंस त्या रेषेला मध्यापासून नेमका ८ यार्डांवर छेदतो, कारण ६, ८ व १० यार्डांचा हा पुन्हा तोच ३-४-५ चा त्रिकोण होय. आणि ८ यार्ड म्हणजेच दोन गोलखांबांतील अंतर. मीटरच्या मापांत हे नाते झाकले गेले, तरी नष्ट झालेले नाही : ११ मी.वर बिंदू, ९.१५ मी. त्रिज्या, १६.५० मी.वर रेषा, आणि कंसाची टोके मध्यापासून ७.३१ मी.वर. सुतळीने कंस काढण्यापूर्वी ही दोन टोके टेपने मांडून ठेवावीत. कंस त्यांतून गेला नाही, तर सुतळी ताणली गेली आहे किंवा बिंदू चुकला आहे असे समजावे.

धावमार्ग : धावमार्गात दोन सरळ भाग आणि दोन अर्धवर्तुळे असतात. सरळ भागातील चूक जेवढ्यास तेवढीच राहते. त्रिज्येतील चूक मात्र परिघात सव्वासहा पटीने वाढते. त्रिज्या १० सेंमी.ने चुकली, तर संपूर्ण फेरीत ६३ सेंमी.चा फरक पडतो. मार्ग ४०० मी.चा असो वा २०० मी.चा, हा फरक तोच राहतो. वर्तुळ लहान म्हणून चूक लहान होत नाही.

याच १० सेंमी.चा घोळ नियमांच्या अपुऱ्या वाचनातूनही होतो. प्रमाणित ४०० मी.च्या मार्गात सरळ भाग ८४.३९ मी. व आतल्या कडेची त्रिज्या ३६.५० मी. असते. या कडेला उंचवटा असल्याने धावपटू तिला अगदी चिकटून धावू शकत नाही. म्हणून धाव त्या कडेपासून ३० सेंमी. अंतरावरून, म्हणजे ३६.८० मी. त्रिज्येवरून होते असे धरतात. त्या त्रिज्येची दोन अर्धवर्तुळे २३१.२२ मी. आणि दोन सरळ भाग १६८.७८ मी. मिळून ४०० मी. भरतात. शाळेच्या मैदानावर मात्र उंचवटा नसतो, फक्कीची रेषा असते. तेथे धावपटू रेषेच्या अधिक जवळून धावतो व नियमानुसार अंतर २० सेंमी.वरच मोजावे लागते. प्रमाणित मार्गाची त्रिज्या जशीच्या तशी उचलून फक्कीने मार्ग आखला, तर फेरी ३९९.३७ मी.ची होते, ६३ सेंमी. कमी. रोम ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत तिसरा आलेला धावपटू आणि चौथे आलेले मिल्खासिंग यांच्यात हातघड्याळाच्या नोंदीप्रमाणे एकदशांश सेकंदाचे अंतर होते. त्या वेगाने एकदशांश सेकंदात सु. ८८ सेंमी. धाव होते. ६३ सेंमी. ही त्या मानाने क्षुल्लक गोष्ट नव्हे. जिल्ह्याच्या मैदानावर नोंदलेली वेळ विभागीय निवडीसाठी ग्राह्य धरावयाची असेल, तर प्रश्न अधिकच गंभीर होतो.

२०० मी.च्या मार्गाचे उदाहरण : वर्धा शहरालगतच्या बोरगाव मेघेसारख्या वस्तीत शाळेसाठी ९५ मी. × ५५ मी. मोकळी जागा आहे असे मानू. एवढ्या जागेत सहा लेनचा २०० मी.चा मार्ग नीट बसतो. सरळ भाग ४० मी.चे घेतले, तर दोन्ही वळणांसाठी १२० मी. उरतात. १२० ला ६.२८३ ने भागले की १९.१० मी. ही धावण्याच्या ओळीची त्रिज्या मिळते. तीतून २० सेंमी. वजा केल्यावर फक्कीच्या रेषेची त्रिज्या १८.९० मी. येते. प्रत्येक लेन १.२२ मी. रुंद, म्हणून सहा लेनसाठी ७.३२ मी. लागतात. एकूण लांबी ९२.४४ मी. व रुंदी ५२.४४ मी. होऊन चारही बाजूंस सव्वा मी.हून थोडी अधिक जागा राहते. अशा मैदानात १०० मी.ची सरळ शर्यत बसत नाही, हे आधीच ओळखून असावे. ती अर्ध्या फेरीत, म्हणजे वळणावरूनच घ्यावी लागेल.

आखणीस प्रारंभ मैदानाच्या मध्यरेषेपासून होतो. तिच्यावर एकमेकांपासून ४० मी. अंतरावर दोन खुंट्या ठोकाव्यात; हे दोन अर्धवर्तुळांचे मध्यबिंदू. प्रत्येक मध्यबिंदूपाशी वर सांगितलेल्या रीतीने काटकोन करून दोन्ही बाजूंस १८.९० मी. मोजले, की चार स्पर्शबिंदू मिळतात. तेथेच सरळ भाग संपून वळण सुरू होते. या चार बिंदूंनी ४० मी. × ३७.८० मी. असा आयत बनतो आणि त्याचे दोन्ही कर्ण ५५.०३ मी.च्या आसपास, परस्परांशी मात्र तंतोतंत सारखे असावे लागतात. ही तपासणी झाल्याशिवाय वळणाला हात लावू नये.

वळण काढण्यासाठी सुतळी टाळावी. सुतळी ओढली की लांबते, सुती दोरी भिजली की आखूड होते, आणि खुंटीभोवती अर्धी फेरी घेताना तिचा पीळ व वेढा दोन्ही त्रिज्या बदलतात. त्याऐवजी बारीक लोखंडी तार वापरावी व तिच्या एका टोकाला खुंटीवर सहज फिरेल अशी कडी करावी, १८.९० मी. हे अंतर खुंटीच्या केंद्रापासून मोजावे, तिच्या कडेपासून नव्हे. तारेच्या दुसऱ्या टोकाने जमिनीवर ओरखडा काढीत गेल्यावर रेषेची बाहेरील कड मिळते. फक्कीची ५ सेंमी. रुंद रेषा तिच्या आतील बाजूस टाकावी. पहिल्या लेनची मोजणी याच बाहेरील कडेपासून सुरू होत असल्याने हा भेद महत्त्वाचा आहे.

अर्धवर्तुळ बरोबर आले की नाही, हे पाहण्याची एक सुंदर व विनाखर्चाची युक्ती आहे. वर्तुळाच्या परिघावर त्रिज्येइतक्याच लांबीची सरळ अंतरे मोजत गेल्यास सहा अंतरांत वर्तुळ पुरे होते. साहजिकच अर्धवर्तुळ तीन अंतरांत. एका स्पर्शबिंदूपासून ओरखड्यावर १८.९० मी.ची तार सरळ ताणून खूण करावी, तेथून दुसरी, तेथून तिसरी. तिसरी खूण समोरच्या स्पर्शबिंदूवरच पडली पाहिजे. ती अलीकडे वा पलीकडे पडली, तर मध्यबिंदूची खुंटी कलली आहे किंवा काढताना तार ढिली पडली होती असा निष्कर्ष काढता येतो. फक्की टाकण्यापूर्वीची ही पाच मिनिटे नंतरचे अर्धे दिवसाचे काम वाचवतात.

बाहेरच्या लेनचे धावपटू संपूर्ण फेरी आपापल्या लेनमध्येच पळणार असतील, तर त्यांना पुढून सुरुवात द्यावी लागते; तिला स्टॅगर म्हणतात. प्रत्येक पुढच्या लेनची त्रिज्या १.२२ मी.ने वाढते, म्हणून संपूर्ण फेरीसाठी प्रत्येक लेनमागे ७.६७ मी. स्टॅगर येतो. उंचवटा असलेल्या प्रमाणित मार्गावर दुसऱ्या लेनचा स्टॅगर ७.०४ मी. असतो, कारण तेथे पहिली लेन ३० सेंमी.वर व बाकीच्या २० सेंमी.वर मोजल्या जातात. पुस्तकातला ७.०४ चा आकडा फक्कीच्या मार्गावर वापरला, तर दुसऱ्या लेनपासून सहाव्यापर्यंतचे सर्व धावपटू पहिल्या लेनच्या तुलनेत ६३ सेंमी. जास्त पळतात. म्हणजे प्रमाणित त्रिज्या उसनी घेतल्याने पळण्याचे अंतर कमी होते, आणि प्रमाणित स्टॅगर उसना घेतल्याने ते काहींनाच वाढते. दुसरी चूक पहिलीहून वाईट, कारण ती शर्यतीचा निकाल बदलू शकते.

स्टॅगर मोजताना टेप वळणावर सरळ ताणून चालत नाही. ७.६७ मी. हे अंतर वक्र रेषेवरचे आहे. उदाहरणातील मार्गाच्या दुसऱ्या लेनमध्ये धावण्याच्या ओळीची त्रिज्या २०.३२ मी. असते. त्या वळणावर ७.६७ मी.च्या कमानीची दोन टोके सरळ रेषेत ७.६२ मी.वर येतात. टेप सरळ धरून ७.६७ मोजले, तर धावपटूला सु. ५ सेंमी.चा फुकट लाभ होतो. बाहेरच्या लेनमध्ये स्टॅगर मोठा होत असल्याने हा लाभ फार झपाट्याने वाढतो. म्हणून लेनच्या आतील रेषेपासून २० सेंमी.वर दर मीटरला खिळे रोवून टेप त्यांच्या बाजूने वळवीत न्यावी, किंवा सरळ अंतरे आधीच काढून ठेवावीत. आरंभरेषा नेहमी मध्यबिंदूच्या खुंटीकडे रोखलेली असावी. मध्यबिंदूपासून ताणलेली तार लेनवर जेथे पडते तीच तिची दिशा.

विदर्भात या सर्वांवर जमिनीचा परिणाम होतो. वर्धा परिसरातील काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात. मे महिन्यात ठोकलेली लाकडी खुंटी ऑक्टोबरात त्याच जागी असेलच अशी खात्री देता येत नाही. त्यासाठी दोन मध्यबिंदू व चार स्पर्शबिंदू मुरूम भरलेल्या खड्ड्यात काँक्रीटमध्ये बसविलेल्या लोखंडी सळ्यांनी कायम करतात. सळीचे टोक जमिनीच्या पातळीखाली ठेवतात, म्हणजे खेळताना कोणास इजा होत नाही. तरीही पावसाळ्यानंतर दोन्ही कर्ण पुन्हा मोजावेच लागतात. भर उन्हात पोलादी टेप वाढते, परंतु ही वाढ फारच थोडी असते : तापमान २५ अंशांनी जास्त असल्यास १०० मी.त सु. ३ सेंमी. कापडी टेपचे ताणले जाणे याहून पुष्कळ अधिक हानिकारक असते, आणि जुनी कापडी टेप तर पहिल्या मीटरातच फाटून तुटलेली असण्याचा संभव असतो. तेव्हा शून्याऐवजी १ मी.च्या खुणेपासून मोजणी सुरू करून शेवटी १ मी. वजा करावा लागतो. हा वजा करावयाचा मीटर विसरल्याने १ मी. आखूड झालेली मैदाने अनेक ठिकाणी पाहावयास मिळतात. दोन्ही बाजू सारख्याच आखूड झाल्यावर कर्णही परस्परांशी जुळतात; म्हणून कर्ण एकमेकांशी ताडून न थांबता गणिताने काढलेल्या आकड्याशी ताडावेत, आणि शक्य तर दुसऱ्या टेपने.